तुळईखालचे आधार काढताना
(बलांचा हिशेब : भाग ६)

आगाशीतून विरारच्या कॉलेजला जाणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना इंजिनिअरिंग मेकॅनिक्सच्या पेपरात बीमचं गणित हमखास भेटतं. गुण सोपे वाटतात, आणि बहुतेक जातात ते आकृतीत. म्हणून आज एकच बीम घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ.

जुन्या घरांमध्ये खांबाच्या पुढे बाहेर आलेल्या तुळईचं टोक तुम्ही पाहिलं असेल. पडवीचं छप्पर त्यावर टेकलेलं असतं. आपला बीम तसाच आहे. A या डाव्या टोकाला हिंज आहे, तिथून ६ मीटरवर B ला सपाट पृष्ठावर रोलर आहे आणि पुढे २ मीटर मोकळं टोक C. A पासून ४ मीटरपर्यंत दर मीटरला १० किलोन्यूटन असा सारखा पसरलेला भार आहे. A पासून ५ मीटरवर १२ किलोन्यूटन-मीटरचं कपल घड्याळाच्या दिशेने फिरवतंय. C ला २५ किलोन्यूटनचं बल खाली आणि डावीकडे तिरकं लागलंय, उतार आडवा ३, उभा ४.

आता फ्री बॉडी डायग्राम. ‘फ्री’ म्हणजे आधार काढून टाकायचे. हिंजचा त्रिकोण आणि रोलरची चाकं आकृतीत ठेवून वर बाणही काढले, तर बीम मोकळा झालेलाच नाही. आधार जी हालचाल अडवत होता, तिच्या जागी त्याच दिशेचं बल येतं. हिंज टोकाला आडवं-उभं कुठेच सरकू देत नाही, म्हणून A ला दोन अज्ञात : आडवं Ax आणि उभं Ay. रोलर फक्त उभी हालचाल अडवतो, म्हणून B ला एकटं By. तिरक्या बलाचे दोन घटक करा : खाली २० आणि डावीकडे १५. पसरलेल्या भाराचं एकूण ४० किलोन्यूटन, आणि ते A पासून २ मीटरवर, म्हणजे त्या भाराच्या मध्यावर. ही अदलाबदल फक्त प्रतिक्रिया काढण्यापुरतीच चालते. बीम आतून कुठे किती वाकतो हे पाहताना पसरलेला भार पसरलेलाच धरावा लागतो.

तीन अज्ञात आहेत आणि समतोलाची समीकरणंही तीनच :

ΣFx = 0, ΣFy = 0, ΣM = 0

बरीच मुलं वरून खाली क्रमाने जातात. मी आधी मोमेंट घेतो, आणि तोही A भोवती, कारण Ax आणि Ay दोन्ही A मधूनच जातात, त्यामुळे त्यांचा मोमेंट शून्य. १५ किलोन्यूटनचा आडवा घटक बीमच्याच रेषेत असल्याने तोही गळतो. उरतो एकटा By :

6·By = 40×2 + 12 + 20×8 = 252

म्हणजे By ४२ किलोन्यूटन, वरच्या दिशेने. उभ्या बलांवरून Ay = 40 + 20 − 42 = 18, आणि आडव्यावरून Ax = 15, उजवीकडे. A ची एकूण प्रतिक्रिया सुमारे २३.४ किलोन्यूटन, आडव्याशी जवळजवळ ५०° कोन करून.

घात होतो तो बहुतेकदा त्या कपलमध्ये. मुलं १२ ला ५ मीटरने गुणतात आणि ६० मांडतात. कपल बीमवर कुठेही असलं तरी कोणत्याही बिंदूभोवती त्याचा मोमेंट १२ च असतो; त्याच्या दोन बलांमधलं अंतर त्यात आधीच हिशेबात आलेलं आहे. ६० धरलं, तर By ५० येतो आणि Ay १०. उभ्या बलांची बेरीज तपासून ही चूक सापडत नाही, कारण १० हा आकडा त्याच बेरजेतून आलाय. ती शून्य येणारच! म्हणून तपासणी अशा बिंदूभोवती करावी, जिथे अजून मोमेंट घेतलेला नाही. B घ्या. घड्याळाच्या दिशेने 18×6 + 12 + 20×2 म्हणजे १६०, उलट दिशेने 40×4 म्हणजेही १६०. जुळलं. चुकीचा १० घातला तर एका बाजूला ११२ आणि दुसऱ्या बाजूला १६०. एवढ्या तपासणीला पेपरात मिनिटभर पुरतं.

आणखी एक गोष्ट, उत्तर उणे आल्यावर मुलं घाबरून चिन्ह खोडतात. समजा पसरलेला भार काढला. मग 6·By = 172, By सुमारे २८.७, आणि Ay = 20 − 28.7, म्हणजे उणे ८.७. हिशेब बरोबर आहे. बाहेर आलेल्या टोकावरचा भार B वर टेकून A चं टोक उचलू पाहतो, म्हणून हिंजला ते ८.७ किलोन्यूटनने खाली धरून ठेवावं लागतं. आपण बाण वर गृहीत धरला होता, उणे चिन्ह तो खाली आहे एवढंच सांगतं. पुढच्या ओळींत चिन्हासकट तोच आकडा वापरा आणि शेवटी दिशा ‘खाली’ अशी लिहा. A ला नुसतं टेकवलेलं टोक असतं, तर मात्र ते उचललं गेलं असतं.

आणि B च्या पलीकडे, C खाली, तिसरा रोलर दिला तर? अज्ञात चार होतात, समीकरणं तीनच राहतात. बीम किती वाकतो हे कळल्याशिवाय तो प्रश्न या तीन समीकरणांनी सुटत नाही, आणि पहिल्या वर्षाच्या पेपरात तसा दिसलाच, तर आधी प्रश्न पुन्हा वाचा : बहुधा मध्ये कुठेतरी हिंज दिलेलं असतं, आणि तिथे बीमचे दोन तुकडे करून दोन आकृत्या काढायच्या असतात. ते पुढच्या आठवड्यात.