उजवीकडचं हृदय आणि डायनीनचे हात

झुरिकचे डॉक्टर मानेस कार्टागेनर यांनी 1933 मध्ये चार रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. चौघांमध्ये तीन गोष्टी एकत्र आढळल्या होत्या. नाकाभोवतालच्या पोकळ्या कायम सुजलेल्या, फुप्फुसातल्या श्वासनलिका कायमच्या रुंदावून कफाने भरलेल्या, आणि हृदय छातीच्या उजव्या बाजूला. पहिल्या दोन गोष्टींचं नातं कुणालाही उमगेल, पण तिसरी मात्र कोड्यात टाकणारी होती. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे अशी सगळी मांडणी आरशातल्यासारखी उलटली तरी तेवढ्यामुळे सहसा काही बिघडत नाही. कित्येकांना हे योगायोगाने काढलेल्या एक्स-रेमधूनच कळतं. मग अशाच काही माणसांच्या वाट्याला जन्मभराचा खोकला का यावा? उत्तर मिळायला 43 वर्षं लागली. ते सापडलं शुक्राणूच्या शेपटीच्या आडव्या छेदात.

शुक्राणूची शेपटी ही कशाभिका. श्वासमार्गाच्या आतल्या अस्तरावर केसांसारख्या दाट उगवलेल्या असतात त्या पक्ष्माभिका. शेपटी 50 मायक्रॉनहून लांब, तर पक्ष्माभिका जेमतेम सहा-सात मायक्रॉनच्या, आणि एकेका पेशीवर दोनशेच्या आसपास. दिसायला इतका फरक असला तरी दोन्हींच्या आत एकच यंत्र असतं, ॲक्सोनिम नावाचं. त्याची जाडी साधारण 200 नॅनोमीटर असते, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला त्याच्या आतलं काही दिसत नाही. 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आला आणि शेवाळाच्या पेशीपासून माणसापर्यंत सगळीकडे तेच चित्र दिसू लागलं: कडेने वर्तुळात नऊ जोडनळ्या आणि मधोमध दोन सुट्या नळ्या.

प्रत्येक जोडनळीत एक पूर्ण गोल नळी असते. तिला 'अ' म्हणतात. तिच्या पाठीला चिकटलेली, अर्धवट गोलाईची दुसरी नळी म्हणजे 'ब'. 'अ' नळीपासून शेजारच्या जोडनळीच्या दिशेने आखूड हातांच्या दोन रांगा निघतात, एक बाहेरच्या अंगाला आणि एक आतल्या. हेच डायनीनचे हात. बाहेरच्या रांगेत दर 24 नॅनोमीटरवर एक हात असतो. सहा मायक्रॉनच्या पक्ष्माभिकेचा हिशोब केला तर एका जोडनळीवर अडीचशे, नऊंवर मिळून सव्वादोन हजार, आणि हे फक्त बाहेरचे. याशिवाय प्रत्येक जोडनळीपासून मधल्या जोडीकडे आरे जातात, आणि शेजारच्या जोडनळ्या एकमेकींशी नेक्सिन नावाच्या दुव्यांनी बांधलेल्या असतात.

हे हात नेमकं काय करतात ते इयान गिबन्स यांनी 1963 मध्ये हार्वर्डमध्ये दाखवलं. त्यांनी टेट्राहायमिना या एकपेशीय जीवाच्या पक्ष्माभिका वेगळ्या केल्या, त्यांचं आवरण काढलं आणि अशा द्रावणात ठेवल्या की हात तेवढे गळून पडले. नळ्या जागच्या जागी राहिल्या, पण पेशीचं इंधन असलेल्या एटीपीचं विघटन करण्याची क्षमता बहुतांशी हातांबरोबर द्रावणात उतरली. मग मॅग्नेशियम घालून ते प्रथिन पुन्हा नळ्यांशेजारी आणलं, तर हात आपापल्या जागी परत बसलेले दिसले. इंधन जाळणारं प्रथिन कोणतं आणि ते कुठे बसतं, या दोन्ही प्रश्नांचा निकाल असा एकाच प्रयोगात लागला. प्रयोगांचे असे स्वच्छ निकाल फार थोडे असतात.

आता हालचाल कशी होते? डायनीनचा हात शेजारच्या 'ब' नळीला धरतो, एटीपी खर्चून स्वतः तिच्या बुंध्याकडे सरकायला बघतो, आणि त्यामुळे ती शेजारीण टोकाच्या दिशेने ढकलली जाते. म्हणजे हाताला येतं ते फक्त सरकवणं. वाकवणं त्याला जमत नाही. किथ समर्स आणि गिबन्स यांनी 1971 मध्ये याची खात्री करून घेतली. समुद्री साळिंदराच्या शुक्राणूंच्या शेपट्यांवर त्यांनी ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य टाकून नळ्यांना एकत्र बांधणारे दुवे तोडले आणि मग एटीपी घातलं. शेपट्या वाकल्या नाहीत. त्यांतल्या जोडनळ्या एकीवरून एक सरकत बाहेर आल्या आणि मूळ शेपटी कितीतरी पट लांब झाली.

शंभर पानी वही वाकवली की पानांच्या कडा एकमेकींवरून सरकतात. हीच गोष्ट उलटी करायची: वहीचा कणा घट्ट पकडायचा आणि पानं जबरदस्तीने सरकवायची, की वहीला वाकण्यावाचून गत्यंतर नाही. ॲक्सोनिमचा कणा म्हणजे पेशीत रुतलेला त्याचा बुंधा, आणि नेक्सिनचे दुवे नळ्यांना हवं तेवढंच सरकू देतात. पण नऊही जोडनळ्यांवरचे हात एकदम जोर लावू लागले तर एकमेकांना रोखून धरतील आणि काहीच हलणार नाही. म्हणून एका वेळी एका बाजूचे हात वरचढ ठरतात, पक्ष्माभिका एकीकडे वाकते, मग दुसऱ्या बाजूची पाळी. ही पाळी ठरवण्यात आरे आणि मधली जोडी यांचा मोठा वाटा आहे. श्वासमार्गात हे सेकंदाला दहाच्या पुढे-मागे वेळा घडतं. पक्ष्माभिका ताठ होऊन झपकन पुढे जाते, तिचं टोक कफाच्या थराला घशाकडे ढकलतं, आणि मग ती वाकून, खालच्या पातळ द्रवातून, पृष्ठभागालगत माघारी येते. आपण श्वासाबरोबर घेतलेली धूळ आणि जंतू या सरकत्या थरावर बसून घशात येतात आणि नकळत गिळले जातात.

स्टॉकहोमच्या ब्योर्न अफ्झेलियस यांनी 1959 मध्ये समुद्री साळिंदराच्या शुक्राणूंमध्ये हे हात टिपले होते, त्यामुळे ते नसले तर काय दिसेल हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? सत्तरच्या दशकात मूल न होणाऱ्या पुरुषांचे शुक्राणू त्यांच्याकडे तपासायला आले. शुक्राणू जिवंत होते, पण सरळ आणि निश्चल. छेदात नऊ जोडनळ्या आणि मधली जोडी व्यवस्थित होती, डायनीनचे हात मात्र नव्हते. 1976 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी अशा चार पुरुषांबद्दल लिहिलं. त्यांपैकी तिघांना वारंवार ब्रॉन्कायटिस आणि सायनसचा त्रास होता. त्यांच्या श्वासमार्गातला कफ पुढे सरकतच नव्हता आणि पक्ष्माभिकांमध्येही हात नव्हते. काहींचं हृदय उजवीकडे होतं. अफ्झेलियस यांनी इथे एक धाडसी तर्क मांडला: गर्भात कुठेतरी पक्ष्माभिकांची हालचाल अवयवांची बाजू ठरवत असावी. ती नसेल तर बाजू नशिबावर ठरेल, म्हणजे निम्म्या वेळा सरळ आणि निम्म्या वेळा उलटी. या रुग्णांमध्ये उलटी मांडणी खरोखरच निम्म्याच्या आसपास आढळते, म्हणून मला हा तर्क या सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. गर्भातल्या त्या पक्ष्माभिका तेव्हा कुणी हलताना पाहिलेल्याही नव्हत्या.

त्या पाहिल्या जपानमधल्या संशोधकांनी, 1998 मध्ये. उंदराच्या अगदी लहान गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला नोड नावाचा एक उथळ खळगा असतो. त्यातल्या प्रत्येक पेशीवर एकच पक्ष्माभिका असते. तिच्यात मधली जोडी नसते, आणि ती झपका मारत नाही, गोल फिरते, तेही ठरावीक दिशेने. शिवाय ती गर्भाच्या शेपटीच्या बाजूला कललेली असते. त्यामुळे फेरीचा डावीकडे जाणारा भाग मोकळ्या द्रवातून जातो आणि उजवीकडे परतणारा भाग पृष्ठभागाला घासत जाताना अडतो. परिणामी द्रव डावीकडे वाहतो. चार वर्षांनी त्याच मंडळींनी गर्भावर बाहेरून उलट्या दिशेचा प्रवाह सोडला आणि अवयवांची मांडणी उलटली. फिरण्याची दिशा ठरते हातांच्या रचनेवरून, कारण बुंध्याकडून टोकाकडे पाहिलं तर सगळे हात एकाच दिशेला वळलेले असतात. एका प्रथिनाच्या वळणावर आपल्या हृदयाची बाजू अवलंबून असते.

याची एक चोख पडताळणी रुग्णांमध्येच मिळते. काहींचे डायनीनचे हात शाबूत असतात, पण आरे किंवा मधली जोडी बिघडलेली असते. त्यांनाही खोकला आणि सायनसचा त्रास होतो. आऱ्यांमध्ये दोष असेल तर श्वासमार्गातल्या काही पक्ष्माभिका झपका मारायच्या सोडून गोल फिरू लागतात. पण हृदय मात्र डावीकडेच असतं. नोडमधल्या पक्ष्माभिकांना मधली जोडी मुळातच लागत नाही, तेव्हा तिच्यातला बिघाड तिथे कसा पोहोचणार?

आज या आजाराला प्राथमिक पक्ष्माभिका विकार म्हणतात आणि पन्नासहून अधिक जनुकांमधल्या दोषांमुळे तो होतो हे माहीत आहे. बाहेरच्या हाताचा मुख्य भाग बनवणारं DNAH5 हे त्यांतलं वारंवार सापडणारं जनुक. ओळखायच्या खुणा बाळपणापासून असतात. पूर्ण दिवस भरून जन्मलेलं बाळ, प्रसूतीत काही अडचण नाही, तरी पहिल्याच दिवसांत त्याला ऑक्सिजन लागतो. मग वर्षभर, उन्हाळ्यातसुद्धा, ओला खोकला आणि वाहतं नाक. कानात पाणी साचल्याने ऐकायला कमी येतं. दम्याचं औषध दिलं जातं, पण फरक पडत नाही. आपल्याकडे अशा खोकल्यावर क्षयाचाही संशय घेतला जातो. यातच हृदय उजवीकडे दिसलं तर डॉक्टरांनी पक्ष्माभिकांचा विचार करायलाच हवा, आणि ते डावीकडे असलं तरी आजार नाही असं म्हणता येत नाही, कारण निम्म्या रुग्णांमध्ये ते डावीकडेच असतं.

खात्री करायला एकच चाचणी पुरत नाही. या रुग्णांच्या नाकातल्या हवेत नायट्रिक ऑक्साइड फार कमी असतो. साधारण पाच वर्षांपुढच्या मुलात तो मोजता येतो, पण सिस्टिक फायब्रोसिसमध्येही तो कमी असू शकतो. दुसरा मार्ग म्हणजे नाकातून बारीक ब्रशने पेशी खरवडून काढायच्या आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने पक्ष्माभिकांची हालचाल टिपायची. त्यासाठी रुग्ण काही आठवडे सर्दीमुक्त असावा लागतो, कारण साध्या संसर्गानेही पक्ष्माभिका झडतात आणि वेड्यावाकड्या हलतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात हात नसल्याचं दिसलं तर निदान पक्कं होतं. मात्र DNAH11 हे जनुक बिघडलं तर छेदात सगळं नीट दिसतं आणि पक्ष्माभिका मात्र ताठ राहून कमी वाकत, नुसत्याच थरथरतात. छेद नीट दिसला म्हणून अशा मुलाला घरी पाठवणं चूक ठरेल. तिथे जनुकतपासणी लागते.

गळलेले हात परत बसवणारा उपचार अजून नाही. म्हणून पक्ष्माभिकांचं काम बाहेरून करावं लागतं: रोज छातीची फिजिओथेरपी, व्यायाम, संसर्ग दिसताच प्रतिजैविकं, आणि कान व नाक यांची नियमित तपासणी. फुप्फुसाची हानी लवकर रोखली तर माणूस दीर्घकाळ चांगलं जगू शकतो. मूल हवं असलेल्या पुरुषांसाठी दुसरी वाट आहे. एकच शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडता येतो. त्यासाठी आधी जिवंत शुक्राणू निवडावे लागतात, आणि निश्चल शुक्राणूंमध्ये जिवंत कोणता हे पाहून कळत नाही. म्हणून त्यांना विरळ द्रावणात ठेवतात. जिवंत शुक्राणू पाणी ओढून फुगतो आणि त्याच्या शेपटीला वेटोळं पडतं. बहुतेक प्रकारांत हा आजार दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आली तरच होतो, म्हणून जोडीदाराची तपासणी आधी करून घेतात. आतेभावंडं-मामेभावंडांमधली लग्नं जिथे चालत आली आहेत तिथे तर ती आवर्जून करावी.