सरकारी भरतीची जाहिरात : परीक्षेच्या तारखेपलीकडच्या तारखा

महाराष्ट्रातल्या सगळ्या सरकारी जागा एकाच संकेतस्थळावर जाहीर होतात, हा समज चुकीचा आहे. राज्यसेवा, पोलीस उपनिरीक्षक, राज्यकर निरीक्षक अशी पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोग भरतो. त्यांची माहिती mpsc.gov.in वर येते. पोलीस शिपायांची भरती गृह विभागाची असते. तलाठ्यांची भरती महसूल विभागाकडे, तर ग्रामसेवक आणि आरोग्यसेवकांची जिल्हा परिषदांकडे असते. केंद्रातली पदे संघ लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग आणि रेल्वे भरती मंडळे यांच्यात विभागलेली आहेत. त्यामुळे शोधाची सुरुवात पदापासून केलेली बरी : हे पद कोणत्या विभागाचे आहे आणि ते कोण भरतो, हे आधी पाहावे.

‘पत्त्याच्या शेवटी gov.in नसेल तर जाहिरात खोटी’ हा त्याच्या उलट टोकाचा गैरसमज. अनेक विभाग परीक्षा घेण्याचे काम बाहेरच्या संस्थेला देतात. २०२३ मध्ये तलाठी भरतीची परीक्षा टीसीएसने घेतली आणि जिल्हा परिषदांची आयबीपीएसने. अशा वेळी अर्जाची खिडकी त्या संस्थेच्या संकेतस्थळावर उघडते आणि ती खरीच असते. खात्री करायची वाट एकच : आधी विभागाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जायचे, तिथे जाहिरात आहे का ते पाहायचे आणि तिथल्याच दुव्यावरून अर्जापर्यंत पोहोचायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ खरी असली, तरी तिच्यानंतर शुद्धिपत्रक निघाले आहे का, हे तिच्यावरून कळत नाही. वर्तमानपत्रात अनेकदा संक्षिप्त जाहिरातच छापली जाते. पात्रतेचा निकाल लागतो तो संकेतस्थळावरच्या सविस्तर जाहिरातीवरून.

सर्वात जास्त गोंधळ वयाचा. परीक्षेच्या दिवशी किंवा अर्ज भरताना वय मर्यादेत असले म्हणजे झाले, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात जाहिरातीत वय गणण्याचा दिनांक वेगळा छापलेला असतो आणि वय त्याच दिवशी मोजले जाते. संघ लोकसेवा आयोगाच्या २०२५ च्या नागरी सेवा परीक्षेत हा दिनांक १ ऑगस्ट २०२५ होता. खुल्या प्रवर्गासाठी अट अशी, की उमेदवाराने २१ वर्षे पूर्ण केलेली असावीत, पण ३२ पूर्ण केलेली नसावीत. जाहिरातीने तिचे जन्मतारखांत रूपांतर करून दिले होते : २ ऑगस्ट १९९३ च्या आधीचा आणि १ ऑगस्ट २००४ च्या नंतरचा जन्म चालणार नाही. १ ऑगस्ट १९९३ ला जन्मलेल्याला त्या दिवशी ३२ पूर्ण होतात, म्हणून तो बाद. त्याच्यापेक्षा एका दिवसाने लहान असलेला पात्र. पूर्वपरीक्षा मे महिन्यात होती आणि तेव्हा दोघेही ३१ वर्षांचेच होते, पण त्याचा काही उपयोग नाही. ‘कमाल ३२’ एवढेच वाचून वर्षांची वजाबाकी करणारे इथेच चुकतात. जन्मतारखांची चौकट दिलेली असेल तर तीच पाहावी.

महाराष्ट्रात कमाल वय सरसकट ३८ आहे, हेही अर्धेच खरे. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही मर्यादा आहे. पण पोलीस उपनिरीक्षकपदाला खुल्या प्रवर्गासाठी ती ३१ वर आणि मागासवर्गीयांसाठी ३४ वर थांबते. पोलीस शिपायासाठी ती आणखी खाली, अनुक्रमे २८ आणि ३३ असते. मर्यादा पदाला लागलेली असते, परीक्षेला नव्हे. संयुक्त परीक्षेचा अर्ज एक असला, तरी उमेदवार एका पदाला पात्र आणि दुसऱ्याला अपात्र ठरू शकतो.

शिक्षणाच्या अटीलाही स्वतःची तारीख असते. ‘मुलाखतीपर्यंत पदवी हातात आली की पुरे’ या समजुतीवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला आहे. जम्मू-काश्मीरमधल्या कनिष्ठ अभियंत्यांच्या भरतीत अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै १९८२ होती. काही उमेदवारांचा अभियांत्रिकीचा निकाल २१ ऑगस्टला लागला, मुलाखती सुरू होण्याच्या तोंडावर. १९९७ मध्ये अशोक कुमार शर्मा खटल्यात न्यायालयाने नियम स्पष्ट केला, की जाहिरातीत ठरवलेल्या तारखेला जी अर्हता हातात आहे तीच धरायची, नंतर मिळालेली नाही. कारणही दिले : ही सवलत मिळेल हे माहीत असते तर तशाच स्थितीतल्या इतरांनीही अर्ज केले असते.

मग शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पूर्वपरीक्षेला कसे बसतात? जाहिरातच तशी मुभा देते म्हणून. राज्यसेवेत त्यांना पूर्वपरीक्षेपुरते तात्पुरते पात्र धरले जाते आणि पदवीची अट मुख्य परीक्षेच्या अर्जाच्या टप्प्यावर पूर्ण करावी लागते. जिथे अशी मुभा लिहिलेली नाही, तिथे ती गृहीत धरू नये.

प्रवर्गाच्या बाबतीत राज्याचा दाखला केंद्रात चालतो, हा महाराष्ट्रात हमखास नडणारा समज. इतर मागासवर्गाची केंद्राची यादी वेगळी आणि तिच्या दाखल्याचा नमुनाही वेगळा. राज्याने २०२४ मध्ये मराठा समाजाला सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग म्हणून दिलेले १० टक्के आरक्षण राज्याच्या भरतीपुरते आहे. केंद्राच्या अर्जात असा उमेदवार खुल्या प्रवर्गात येतो किंवा अटी पूर्ण करत असेल तर आर्थिक दुर्बल घटकात. इथे आणखी एक अडचण आहे. आर्थिक दुर्बल घटकाला आयोगाच्या राज्यसेवा जाहिरातीत वयाची सवलत मिळते, केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेत मात्र मिळत नाही. त्यामुळे चाळीस वर्षांचा तोच उमेदवार मुंबईच्या परीक्षेला पात्र आणि दिल्लीच्या परीक्षेला वयाने बाद असू शकतो.

वेळापत्रकावर आणि पदसंख्येवर किती विसंबावे, हे राज्यसेवा २०२४ च्या प्रवासावरून कळते. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस २७४ पदांची जाहिरात निघाली आणि पूर्वपरीक्षा २८ एप्रिल २०२४ ला ठरली. पुढे नव्या आरक्षणानुसार सुधारित जाहिरात आली आणि पदे ५२४ झाली. परीक्षा लांबत २५ ऑगस्टवर गेली. त्याच दिवशी आयबीपीएसचीही परीक्षा येत असल्याने उमेदवारांनी पुण्यात आंदोलन केले, ती तारीखही रद्द झाली आणि पूर्वपरीक्षा अखेर १ डिसेंबरला पार पडली. वय गणण्याचा दिनांक मात्र १ एप्रिल २०२४ छापलेला होता, म्हणजे परीक्षेच्या आठ महिने आधीचा. आयोग आपल्या वार्षिक वेळापत्रकाला ‘अंदाजित’ म्हणतो ते उगाच नाही. त्यातली तारीख अभ्यासाचे नियोजन करायला पुरते. प्रवासाचे तिकीट मात्र प्रवेशपत्र आल्यावरच काढावे.

पदसंख्या वाढते तशी कमीही होऊ शकते. मुख्य परीक्षेसाठी पदांच्या ठराविक पटीत उमेदवार घेतले जात असल्याने पदसंख्येच्या फरकाने पूर्वपरीक्षेची गुणरेषाही सरकते, म्हणून जुन्या वर्षाचे गुण बघताना त्या वर्षीची पदेही बघावी लागतात. निवड यादीत नाव लागले की नोकरी पक्की, हेही कायद्याला मान्य नाही. जाहीर केलेल्या जागा भरल्याच पाहिजेत असे बंधन सरकारवर नाही, मात्र त्या न भरण्याचा निर्णय मनमानीने घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शंकरसन दाश खटल्यात ठरवले आहे.