चिंच ताम्हनाला, सोडा निरांजनाला

गणपती जवळ आले की ताम्हन, समई आणि चांदीचं निरांजन एकत्रच चिंचेच्या कोळात पडतात. ताम्हन लख्ख होतं, निरांजन मात्र काळंच राहतं.

दोन्हींवरचा थर वेगळा असतो. तांब्या-पितळेवर मुख्यतः ऑक्साइड चढतं आणि चिंचेतलं आम्ल ते विरघळवतं. आधी तेलकटपणा साबणाने काढावा, कारण तेलाखाली आम्ल पोहोचतच नाही. मग लिंबाएवढ्या चिंचेच्या कोळात चमचाभर मीठ घालून चोळावं. काही मिनिटांत रंग उघडतो. पितळेची समई मात्र कोळात बुडवून ठेवू नये. पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि तांबूस डाग उमटतात. धुतल्यावर लगेच कोरडं पुसावं.

चांदीचा काळेपणा गंधकाचा. स्टीलच्या पातेल्यात अॅल्युमिनियम फॉइल अंथरावी आणि निरांजन तिला टेकवून ठेवावं. त्यावर दोन चमचे खाण्याचा सोडा भुरभुरून लिटरभर उकळतं पाणी बेताबेताने ओतावं, कारण फेस येतो. फॉइलमुळे काळ्या थरातली चांदी पुन्हा धातूरूपात येते, म्हणून घासण्यासारखी ती झिजत नाही. सडक्या अंड्यासारखा किंचित वास आला, तर काम सुरू झालं असं समजावं. खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळसर ठेवलेल्या नक्षीच्या वस्तूंना हा उपाय करू नये.