गाव एक, प्रसंग अनेक

एका काल्पनिक गावाची गोष्ट क्रमशः लिहायची असे काही विद्यार्थ्यांनी ठरवले. प्रत्येक गटाने एकेक प्रसंग घ्यायचा आणि संगणकावरील भाषा-प्रारूपाला (लँग्वेज मॉडेलला) सूचना देऊन त्याचा कच्चा खर्डा मिळवायचा. पहिल्या प्रसंगात शाळा ओढ्याच्या पलीकडे होती. पाचव्यात ती देवळाशेजारी आली आणि ओढ्याची नदी झाली! आम्ही त्यांच्या सूचना पाहिल्या. प्रत्येकीत ‘त्याच गावातील पुढचा प्रसंग लिहा’ एवढेच होते.

असे का व्हावे? भाषा-प्रारूपाजवळ गावाचा नकाशा नसतो. समोर असलेल्या मजकुराला धरून पुढे कोणता शब्द येणे संभवते, हे ठरवत ते लिहीत जाते. नवे संभाषण सुरू केले की आधीचे प्रसंग त्याच्या समोर नसतात. एकाच लांबलचक संभाषणातही एका वेळी विचारात घेता येणाऱ्या मजकुराला मर्यादा असते. मग उरलेल्या जागा ते नेहमीच्या गोष्टींनी भरते: नदी, देऊळ, पारावरचा वड. म्हणून ‘तेच गाव’ म्हणजे कोणते, हे दर वेळी नव्याने सांगावे लागते.

यासाठी सूचनेचे तीन भाग करावेत. पहिला भाग न बदलणाऱ्या गोष्टींचा. तो प्रत्येक सूचनेच्या सुरुवातीला जसाच्या तसा द्यायचा. आमच्या गावासाठी तो असा झाला:

ओढा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. गाव पश्चिम काठावर, शाळा पूर्व काठावर. दोन्हींना जोडणारा एकच साकव. दुसरी वाट दोन किलोमीटर खाली असलेल्या बंधाऱ्यावरून.

दुसरा भाग आजच्या स्थितीचा. तो प्रत्येक प्रसंगानंतर बदलतो:

मार्गशीर्ष शुक्ल दशमी, आकाश निरभ्र. कालपासून साकवाची मधली फळी मोडलेली. सर्वजण बंधाऱ्यावरून जातात. शाळेची किल्ली सखूआजीकडे. गुरुजींना हे माहीत नाही.

येथे ‘साकवावरून कोणी जाऊ नये’ असे लिहिलेले नाही. नुसता नकार दिला तर पात्रे पुन्हा साकवाकडेच वळण्याचा संभव असतो. त्याऐवजी लोक काय करतात ते सांगावे. शेवटच्या वाक्याचेही महत्त्व आहे. कोणाला काय माहीत आहे हे न सांगितल्यास सगळ्या पात्रांना सगळेच ठाऊक असल्यासारखी ती बोलू लागतात.

तिसऱ्या भागात फक्त या प्रसंगात काय घडायचे ते असावे, आणि ‘वर नसलेली कोणतीही नवी गोष्ट आणल्यास ती शेवटी वेगळी नोंदवा’ ही विनंती. नोंदींपैकी काय ठेवायचे ते माणसानेच ठरवावे. सारांशाचे काम यंत्रावर सोडले, तर सारांशाचा सारांश होत होत किल्लीसारखे बारीक तपशील गळून जातात.

पहिला भाग लांबवत नेण्यापेक्षा ज्यांच्यातून इतर गोष्टी निघतात, अशी थोडी विधाने निवडावीत. बंधाऱ्यावरून शाळेत जाण्यासाठी दोन किलोमीटर खाली आणि तितकेच परत वर, म्हणजे चार किलोमीटर चालावे लागते. त्याला सुमारे एक तास हवा. तेव्हा साडेदहाच्या शाळेसाठी दहाला निघालेला मुलगा वेळेवर पोहोचणार नाही.

आता चुकीचे एक उदाहरण पाहू. दशमीला मध्यरात्री सखूआजी घराबाहेर येते, असा प्रसंग मागितला. खर्ड्यात ‘मिट्ट काळोख’ आला. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबरच, म्हणजे सहाच्या सुमारास, मावळतो. पुढे रोज त्याला सरासरी 50 मिनिटे उशीर होतो. दहा दिवसांत 500 मिनिटे, म्हणजे सुमारे आठ तास वीस मिनिटे. म्हणून दशमीचा चंद्र रात्री दोननंतर मावळेल. मध्यरात्री तो पश्चिमेच्या आकाशात असणार आणि आजीची सावली ओढ्याच्या दिशेने पडणार! तिथी दिली होती, पण हा हिशोब यंत्राने केला नाही. असे निष्कर्ष आपणच काढून स्थितीच्या भागात लिहावेत.

सूचना पुरेशी आहे की नाही, हे कसे ओळखावे? पहिला भाग तीन-चार वेगवेगळ्या नव्या संभाषणांत देऊन तोच प्रश्न विचारावा: ‘सकाळी साकवावरून शाळेत जाताना ऊन तोंडावर येते की पाठीवर?’ उत्तर ‘तोंडावर’ असेच हवे. उत्तरे निरनिराळी आली, तर त्याबाबतचे विधान अधिक स्पष्ट करावे. इतके करूनही चुका राहतात. म्हणून प्रत्येक खर्डा पहिल्या दोन भागांशी ताडून पाहावा लागतो.

वाचकांसाठी एक प्रश्न. याच गावात कृष्ण चतुर्थीला संध्याकाळी सात वाजता मुले चांदण्यात खेळत आहेत, असे लिहिले तर चालेल का? पौर्णिमेपासून दिवस मोजा. संकष्टीचा उपवास करणाऱ्या घरांत उत्तर लवकर सापडेल.