शेवटची तारीख आणि फुल अँड फायनलचा हिशेब

राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचा कंपनीशी जो शेवटचा पैशांचा हिशेब होतो, त्याला कार्यालयांतून 'फुल अँड फायनल' म्हणतात. त्यात देणे आणि घेणे दोन्ही असते. शेवटच्या महिन्यात भरलेल्या दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि पात्रता असल्यास ग्रॅच्युइटी हे कंपनीचे देणे. नोटिशीचे न भरलेले दिवस, उचल आणि परत न केलेल्या वस्तू हे कंपनीचे घेणे. बहुतेकांचे लक्ष कागदाच्या तळाशी असलेल्या एका आकड्याकडे जाते. पण त्या कागदावरचे मुख्य आकडे एकाच गोष्टीवर ठरतात, ती म्हणजे कामावरचा शेवटचा दिवस. ही तारीख राजीनाम्याच्या पत्रात सहज लिहून टाकली जाते आणि ती दोन आठवडे अलीकडे ओढल्याने काय होते, हे पैसे हातात आल्यावरच कळते.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका खासगी कार्यालयात एक कर्मचारी 20 ऑगस्ट 2018 रोजी रुजू झाला. त्याचा मासिक पगार 45,000 रुपये. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 26,000, घरभाडे भत्ता 13,000 आणि प्रवास भत्ता 6,000. त्याने 31 डिसेंबर 2025 रोजी राजीनामा दिला. नेमणूकपत्राप्रमाणे नोटीस 60 दिवसांची, म्हणजे 1 जानेवारीपासून मोजल्यास ती 1 मार्च 2026 रोजी पुरी होते. नवी कंपनी घाई करत असल्याने त्याने 14 फेब्रुवारी हा शेवटचा दिवस मागितला आणि तो मंजूर झाला. त्याच्या खात्यावर 24 दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे.

पहिली ओळ पगाराची. फेब्रुवारीच्या 28 दिवसांपैकी 14 भरले, म्हणून 45,000 चे अर्धे, 22,500 रुपये. इथे भागाकार महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी केला आहे. काही कंपन्या प्रत्येक महिना 30 दिवसांचा धरतात. मग हीच रक्कम 21,000 होते. दरमहाचा पगार ज्या पद्धतीने निघत होता, त्याच पद्धतीने शेवटचाही निघाला पाहिजे. जुन्या वेतनचिठ्ठीत एखादी बिनपगारी रजा असेल, तर तिच्या कपातीवरून ही पद्धत लगेच समजते.

दुसरी ओळ नोटिशीची. साठपैकी 31 दिवस जानेवारीचे आणि 14 फेब्रुवारीचे असे 45 दिवस भरले, 15 राहिले. या पंधरा दिवसांचा पगार कंपनी वसूल करते. कोणत्या पगारावर, हे नेमणूकपत्रातला करार ठरवतो. तिथे 'स्थूल वेतन' लिहिले असेल, तर 45,000 भागिले 30, म्हणजे दिवसाला 1,500 आणि एकूण 22,500 रुपये. 'मूळ वेतन' लिहिले असेल, तर 26,000 वरून तेच 13,000 होतात. एका शब्दाने साडेनऊ हजारांचा फरक पडतो, म्हणून राजीनामा लिहिण्याआधी ते पत्र कपाटातून काढून वाचावे. या उदाहरणात स्थूल वेतन धरले आहे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. कर्मचारी पूर्ण नोटीस भरायला तयार असताना कंपनीने स्वतःहून त्याला आधीच मोकळे केले आणि करारात दोन्ही बाजूंना सारखी नोटीस असली, तर उरलेल्या दिवसांचे पैसे कंपनीकडून येणे लागतात. तेव्हा कोणी कोणाला लवकर सोडले, हे ईमेलवर स्पष्ट लिहिलेले असावे. तोंडी 'चालेल, या तुम्ही' याला हिशेबाच्या वेळी किंमत राहत नाही.

तिसरी ओळ रजेची. पैसे मिळतात ते अर्जित रजेचे. किरकोळ रजा वर्ष संपताच बुडते आणि आजारपणाच्या रजेचे पैसे सहसा मिळत नाहीत. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात अर्जित रजा कामाच्या दर 20 दिवसांमागे एक दिवस अशी मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. कंपनीचा नियम याहून उदार असू शकतो. उदाहरणातली कंपनी 26,000 ला 26 ने भागते. दिवसाला 1,000 प्रमाणे 24 दिवसांचे 24,000 रुपये. तिने 30 ने भागले असते, तर 20,800 झाले असते. या ओळीत सर्वाधिक आढळणारी चूक मात्र भागाकाराची नसते, ती शिल्लक दिवसांची असते. अनेक ठिकाणी रजेचे खाते जानेवारीत एकदाच अद्ययावत होते आणि चालू वर्षात कमावलेले दिवस त्यात दिसतच नाहीत. कार्यालयाच्या संगणकप्रणालीतले खाते शेवटच्या दिवसानंतर बंद होते, म्हणून रजेच्या पानाची प्रत आधीच काढून ठेवावी.

चौथी ओळ ग्रॅच्युइटीची आणि गफलतीला सर्वाधिक वाव इथेच आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षे काम झाले, की राजीनामा देणाऱ्यालाही ती मिळते. सूत्र असे आहे: शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता × 15 ÷ 26 × सेवेची वर्षे. 26 हा आकडा रविवार सोडून उरणाऱ्या कामाच्या दिवसांचा आहे. पंधरा दिवसांचा पगार म्हणजे अर्धा महिना, असे मनाशी धरून 30 ने भागणारे लोक आजही भेटतात. 26,000 ला 26 ने भागून 15 ने गुणले की दर वर्षामागे 15,000 येतात, 30 ने भागले की 13,000. सात वर्षांत हा फरक 14,000 रुपयांचा होतो. कायद्याने देय ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा 20 लाख रुपये आहे.

वर्षे मोजताना अपुऱ्या वर्षाचे सहा महिन्यांहून अधिक दिवस झाले, तर ते पूर्ण वर्ष धरतात. सहा महिने किंवा कमी झाले, तर ते सोडून देतात. उदाहरणातल्या कर्मचाऱ्याची 14 फेब्रुवारीला सेवा होते 7 वर्षे, 5 महिने आणि 26 दिवस. म्हणजे सातच वर्षे, 1,05,000 रुपये. सहा महिने 19 फेब्रुवारीला पुरे होतात. तो 20 फेब्रुवारीपर्यंत जरी राहिला असता, तरी आठ वर्षे धरली गेली असती आणि 1,20,000 मिळाले असते.

आता बेरीज. पगार 22,500, रजा 24,000 आणि ग्रॅच्युइटी 1,05,000 मिळून 1,51,500. त्यातून नोटिशीचे 22,500 वजा केले की 1,29,000 उरतात. भविष्यनिर्वाह निधी चौदा दिवसांच्या मूळ वेतनावर, म्हणजे 13,000 च्या 12 टक्क्यांप्रमाणे 1,560 कापला जाईल. व्यवसाय कर महाराष्ट्रात इतर महिन्यांत 200 असला, तरी फेब्रुवारीत 300 असतो. हातात 1,27,140 रुपये येतील.

हाच माणूस 1 मार्चपर्यंत थांबला असता, तर कपातीपूर्वीचा आकडा असा झाला असता: फेब्रुवारीचे 45,000, मार्चच्या एका दिवसाचे 1,452, रजेचे 24,000 आणि ग्रॅच्युइटीचे 1,20,000, एकूण 1,90,452. दोन्ही बेरजांतला फरक 61,452 चा. त्यातले 23,952 हे वाढीव दिवसांच्या कामाचा मोबदला, ते नव्या कंपनीतही कमावता आले असते. पण उरलेले 37,500, म्हणजे नोटिशीची वसुली आणि ग्रॅच्युइटीचे एक वर्ष, हे निव्वळ नुकसान आहे. पुष्कळदा नवी कंपनी 'नोटिशीचे पैसे आम्ही भरू' असे सांगते आणि 22,500 देतेही. बुडालेले 15,000 मात्र त्या बोलण्यात कुठेच येत नाहीत, कारण ते वसुलीच्या ओळीत दिसतच नाहीत.

पाच वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्याने तर अधिकच जपावे. चार वर्षे पूर्ण होऊन पाचव्या वर्षात 240 दिवस भरले, तर पाच वर्षे झाली असे मानावे, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. आठवड्यात सहापेक्षा कमी दिवस चालणाऱ्या आस्थापनेत हा आकडा 190 दिवसांचा होतो. पण सगळ्या कंपन्या हे मान्य करत नाहीत आणि मग भांडण नियंत्रक अधिकाऱ्यापर्यंत जाते. काही आठवडे थांबून पाच वर्षे पुरी करता येत असतील, तर ते भांडण टळते.

एक बाब कागदावर बारकाईने पाहण्याजोगी आहे. नोटिशीची वसुली पगारातून आणि रजेच्या पैशांतून करता येते, ग्रॅच्युइटीतून नाही. ग्रॅच्युइटीला कायद्याचे वेगळे संरक्षण आहे. ती रोखायची, तर नुकसान केल्याबद्दल किंवा गंभीर गैरवर्तनाबद्दल कामावरून काढलेले असावे लागते आणि राजीनामा त्यात बसत नाही. उदाहरणात पगार आणि रजा मिळून 46,500 आहेत, त्यामुळे 22,500 त्यातच वळते होतात. ती रक्कम पुरली नसती, तर उरलेली वसुली कंपनीने वेगळी मागायला हवी होती. सगळे एकाच कागदावर बेरीज-वजाबाकी करून मांडले, की हा भेद झाकला जातो. ग्रॅच्युइटीचा वेगळा कागद मागणे म्हणूनच योग्य.

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत वेतनाची व्याख्या बदलली. घरभाडे, प्रवास वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरायचा. उदाहरणातले मूळ वेतन निम्म्याहून अधिक असल्याने तिथे काही बदलत नाही. पण 45,000 पैकी मूळ वेतन फक्त 18,000 आणि बाकीचे सगळे असे भत्तेच असते, तर पूर्वी दर वर्षामागे सुमारे 10,385 रुपये मिळाले असते. आता ढोबळमानाने 22,500 वेतन धरून सुमारे 12,981 येतात. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना पाच वर्षांची अटही राहिलेली नाही, एका वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते.

मुदतीचा प्रश्नही याच संहितांनी पालटला. पूर्वी तीस ते पंचेचाळीस दिवसांत हिशेब करणे अनेक कंपन्यांच्या अंगवळणी पडले होते. आता राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते करायचे आहे. ग्रॅच्युइटीला मात्र 30 दिवसांची मुदत आहे आणि ती उलटल्यास सरळव्याज द्यावे लागते. भविष्यनिर्वाह निधी या हिशेबाचा भागच नाही. तो कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात असतो आणि नव्या कंपनीत वर्ग करता येतो. कंपनीने फक्त सोडल्याची तारीख त्यात नोंदवायची असते. ती तारीख फुल अँड फायनलच्या कागदावरच्या शेवटच्या दिवसाशी जुळते का, हे तपासून मगच सही करावी.