दोन दाब, एक गुणोत्तर आणि डोंगराची उंची

डोंगर चढताना हवेचा दाब कमी होतो, हे शाळेत सगळेच शिकतात. तो कसा कमी होतो हे कळलं, की पायथ्याच्या आणि माथ्याच्या फक्त दोन नोंदींवरून डोंगराची उंची काढता येते. यासाठी दोन दाबांमधला फरक पुरत नाही. एक दाब दुसऱ्याच्या किती पट आहे, म्हणजे त्यांचं गुणोत्तर काय, हे पाहावं लागतं. याची पडताळणी करायला पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या नोंदी आजही हाताशी आहेत.

ब्लेझ पास्कल तेव्हा पॅरिसमध्ये होता. पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम या डोंगरावर चढावं, अशी विनंती त्याने फ्लोराँ पेरिए या आपल्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना पत्रातून केली. हा डोंगर मध्य फ्रान्समधल्या क्लेरमाँ शहराजवळ आहे. पेरिए 19 सप्टेंबर 1648 रोजी निघाले. निघण्याआधी त्यांनी शहराच्या जवळजवळ सर्वांत सखल भागातल्या एका मठाच्या बागेत दोन नळ्या शेजारी-शेजारी उभ्या केल्या. दोन्हींत पारा अगदी सारख्या उंचीवर उभा राहिला: 26 फ्रेंच इंच आणि एका इंचाच्या बाराव्या भागाचे साडेतीन भाग, म्हणजे दशांशात 26.29 इंच. मग एक नळी तिथेच ठेवून त्यांनी फादर शास्तँ यांना दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं आणि दुसरी नळी वर नेली. माथ्यावर पारा 23 इंच आणि दोन बारावे भाग भरला, म्हणजे 23.17 इंच. वाऱ्यात, आडोशाला, धुक्यात असं जागा बदलून पाच वेळा मोजलं, तरी आकडा तोच आला. खाली ठेवलेल्या नळीतला पारा दिवसभर हलला नव्हता.

वर गेल्यावर दाब घटतो, एवढं या प्रयोगाने निर्विवाद ठरलं. पण पारा तीन इंचांहून थोडा जास्त उतरला, तर डोंगर किती उंच, हे त्या दिवशी हिशेबाने सांगता येत नव्हतं. दाब आणि घनता यांचा संबंध सांगणारा बॉइलचा नियम यायचा होता. तो 1662 मध्ये आला आणि त्याच्या आधारावर एडमंड हॅलीने 1686 मध्ये उंचीचा हिशेब लॉगरिदमने मांडला.

पाण्यात हा प्रश्न सोपा असतो. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून दर दहा मीटर खोलीला दाब सारखाच वाढतो. हवा दाबली जाते. कापसाच्या गाद्यांची चळत रचली, तर सर्वांत खालची गादी वरच्या सगळ्यांच्या वजनाने चपटी होते आणि वरची फुगलेली राहते. हवेचंही तसंच आहे. खालच्या थरात हवा दाट असते, म्हणून तो थर ओलांडला की डोक्यावरचं बरंच वजन कमी होतं. वरच्या तेवढ्याच जाडीच्या थरात हवा विरळ असते, म्हणून तिथे वजन कमी घटतं.

घट किती होते, हे ठरवणारी गोष्ट एकच आहे: त्या जागी असलेला दाब. तापमान तेच असेल, तर दाब निम्मा असलेल्या जागी हवाही निम्मी दाट असते, आणि तेवढ्याच चढाला दाबाची घटही निम्मीच होते. हवेचं तापमान 15 अंश सेल्सिअस धरलं, तर सुमारे 84 मीटर चढल्यावर दाब एक टक्क्याने कमी होतो. पुढच्या 84 मीटरला पुन्हा एक टक्का, पण उरलेल्याचा. दाब 1000 हेक्टोपास्कल असेल तिथे ही घट 10 ची असते आणि 500 असेल तिथे 5 ची. चक्रवाढ व्याजाचं गणित उलटं फिरवावं, तशी ही घातांकी घट आहे. प्रत्यक्षात वर हवा थंड होत जाते, त्यामुळे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाच किलोमीटरवरच दाब निम्मा होतो.

यावरून उंचीतल्या फरकाचं सूत्र असं निघतं:

h = 29.3 × T × ln(p1 / p2)

यात h मीटरमध्ये आहे, p1 पायथ्याचा आणि p2 माथ्याचा दाब आहे, ln म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम आणि T म्हणजे मधल्या हवेचं सरासरी तापमान, केल्विनमध्ये. 29.3 हा आकडा हवेच्या रेणूंचं सरासरी वजन आणि गुरुत्वाकर्षण यांतून येतो. दाब इथे भागाकारातच आहेत, म्हणून एकक कुठलंही चालतं. सतराव्या शतकातले फ्रेंच इंच तसेच घालता येतात.

26.29 ला 23.17 ने भागलं की 1.135 येतात. त्याचा नैसर्गिक लॉगरिदम 0.1265. पेरिएंकडे त्या दिवशीच्या तापमानाची नोंद नाही. सप्टेंबरातल्या त्या डोंगराळ भागासाठी सरासरी 12 अंश, म्हणजे 285 केल्विन धरू. गुणाकार केला की उंची 1056 मीटर निघते. आजच्या मोजणीनुसार माथा समुद्रसपाटीपासून 1465 मीटरवर आहे आणि शहराचा सखल भाग सुमारे 400 मीटरवर. खरा फरक 1065 मीटरच्या आसपास आहे. काचेची नळी आणि डोळ्यांनी वाचलेला पारा यांतून एक टक्क्याच्या आत उत्तर मिळालं, याचं मला अजून नवल वाटतं. दाबाची घट पाण्यासारखी सरळ रेषेत धरली असती, तर उत्तर 993 मीटर आलं असतं आणि साठ-सत्तर मीटर डोंगर हरवला असता.

आता अनेक मोबाइलमध्ये दाबमापक असतो आणि तो एकेका मीटरचा चढ टिपतो. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना त्याची उंची तरीही अनेकदा चुकलेली दिसते. याचं कारण खालचा दाबच दिवसभरात बदलत असतो. उष्ण कटिबंधात सूर्य वरचं वातावरण तापवतो आणि त्यातून दाबाला रोज दोनदा भरती-ओहोटी येते. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो आणि दुपारी चारला उतरलेला. हा फरक तीनेक हेक्टोपास्कल सहज असतो, आणि आपल्या डोंगरांच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे नऊ मीटर.

समजा, सकाळी दहाला पायथ्याशी 940 हेक्टोपास्कल दिसले, दुपारी एकला माथ्यावर 860 आणि चारला परत पायथ्याशी 937. सरासरी तापमान 25 अंश धरून पहिल्या दोन नोंदी वापरल्या, तर चढ 777 मीटर येतो. परतल्यावर मात्र मोबाइल पायथ्यालाच 28 मीटर उंच दाखवतो. दाब सरकला, हे तिथेच कळतं. घट सहा तासांत एकसारखी झाली असं मानलं, तर एक वाजता पायथ्याशी 938.5 असायला हवे होते. तो आकडा घातला की चढ 763 मीटर निघतो. पायथ्याच्या गावात दुसरा मोबाइल ठेवून, त्याचवेळी त्यावरचा आकडा फोनवर विचारून घेतला, तर असं काही मानावंच लागत नाही. फादर शास्तँ यांनी दिवसभर नेमकं हेच काम केलं होतं.

दुसरी चूक तापमानाची. सरासरी तापमान तीन अंशांनी चुकलं, तर उंची एक टक्क्याने चुकते, म्हणजे हजार मीटरला दहा मीटर. पायथ्याचं आणि माथ्याचं तापमान घेऊन त्यांची सरासरी काढली, की बहुतेक वेळा भागतं. थंडीतल्या पहाटे मात्र दरीत गार हवा साचून राहते आणि तिच्यावरची हवा उबदार असते. अशा वेळी पायथ्याचं तापमान फक्त तळाच्या पातळ थराचं असतं. ते सरासरीत धरलं, तर डोंगर खऱ्यापेक्षा ठेंगणा भरतो. म्हणून ऊन वर येऊन दरीतलं धुकं विरेपर्यंत थांबावं आणि मगच पायथ्याची नोंद घ्यावी.