स्कॅनर घाबरवतो तिथे धोका नसतो, आणि असतो तिथे स्कॅनर पोहोचत नाही

‘सर्व्हर क्लाउडवर आहेत, पॅचेस ॲमेझॉन बघेल.’ हा गैरसमज सगळ्यात जुना आणि खोडायला सगळ्यात सोपा. ईसी२मध्ये हार्डवेअर आणि हायपरवायझर ॲमेझॉनचं, व्हीएमच्या आतली ऑपरेटिंग सिस्टीम ग्राहकाची. करारातच तसं आहे.

पुढचे दोन गैरसमज जास्त चिवट आहेत. १ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएचमधली CVE-2024-6387 ही त्रुटी जाहीर झाली. लॉगिन न करताच रूटचा ताबा मिळू शकेल अशी ती होती. ८.५ ते ९.७ या आवृत्त्या सदोष आणि ९.८ दुरुस्त, असं मूळ प्रकल्पाने सांगितलं. उबुंटू २२.०४वर तर ८.९ असते. त्यामुळे पॅच टाकल्यावरही काही स्कॅनर लाल खूण दाखवत राहिले आणि ‘पॅच बसलाच नाही’ असा समज झाला.

वस्तुस्थिती अशी, की उबुंटू आवृत्ती न बदलता फक्त दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवतं. म्हणून ८.९ हा आकडा तसाच राहतो, बदलतं ते शेपूट. बाहेरून पोर्टवर डोकावणारा स्कॅनर बऱ्याचदा पुढचा आकडाच वाचतो. खरं उत्तर यंत्राच्या आत मिळतं:

```
dpkg-query -W openssh-server
```

इथे `1:8.9p1-3ubuntu0.10` किंवा त्यापुढचं काही दिसलं, तर ही त्रुटी बुजलेली आहे. स्कॅनरला लॉगिन देऊन किंवा आत एजंट बसवून तपासणी केली, की असे खोटे इशारे बरेच कमी होतात.

तिसरा गैरसमज: ‘आमची इमेज हार्डन केलेली आहे.’ अनावश्यक सेवा बंद आहेत, रूट लॉगिन बंद आहे, हे उत्तमच. पण इमेजमधली पॅकेजेस ती बनवली त्या दिवसाचीच राहतात. समजा, इमेज मे महिन्यातली आहे आणि जुलैत चालू यंत्रांना पॅच टाकले. रात्री गर्दी वाढली आणि ऑटोस्केलिंगने चार नवी यंत्रं उभी केली, तर ती मेचीच पॅकेजेस घेऊन येतात. सकाळी गर्दी ओसरली की जातातही. आठवड्यातून एकदा चालणाऱ्या स्कॅनला त्यांचा पत्ताच लागत नाही.

म्हणून दुरुस्ती इमेजमध्येच करावी लागते. नवी इमेज बांधा, ती स्कॅन करा, लॉन्च टेम्प्लेटची नवी आवृत्ती तिच्याकडे वळवा आणि इन्स्टन्स रिफ्रेश चालवून जुनी यंत्रं बदला. इथे एक खोच आहे, आणि माझ्या मते घोटाळा बहुधा इथेच होतो: ऑटोस्केलिंग ग्रुपमध्ये टेम्प्लेटचा ठरावीक आवृत्ती क्रमांक लिहिलेला असेल, तर नवी आवृत्ती बनवूनही यंत्रं जुन्याच इमेजवरून उभी राहतात. तो क्रमांक आजच उघडून पाहा.